कहरुबा, चंद्रूस की बेकेलाइट? एका पेटीतल्या तीन वस्तूंची तपासणी

हैदराबादच्या जुन्या शहरात तस्बीह, माळा आणि जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडे एक शब्द हमखास ऐकायला मिळतो, तो म्हणजे कहरुबा. पिवळा, मधासारखा, नाहीतर गर्द लाल असा कुठलाही हलका मणी दिसला की तो कहरुबा. गुरुवारच्या जुमेरात बाजारात तर दुकानदार खिशातून लायटर काढतो आणि म्हणतो, "जलाके देखो साब, असलीच है." (दखनीतला हा 'च' आपल्या मराठीतूनच गेलेला आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) अशा वेळी लायटर लावू देऊ नये. का लावू देऊ नये, आणि त्याऐवजी घरच्या घरी काय करता येते, ते या लेखात सांगतो.

आमच्या मंडळाकडे जुन्या शहरातल्या एका घराण्याने तपासणीसाठी एक छोटी शिसवी पेटी आणली होती. तिच्यात तीन वस्तू होत्या. पहिली, गर्द लाल मण्यांची तेहतीस दाण्यांची तस्बीह. दुसरी, मधाच्या रंगाच्या मण्यांची माळ. तिसरी, हुक्क्याची मुहनाल, म्हणजे ओठाला लागतो तो तुकडा, चांदीच्या कड्यात बसवलेला. घरातली समजूत अशी की तिन्ही वस्तू कहरुबाच्या आहेत आणि लाल तस्बीह पणजोबांनी १८९० च्या सुमारास हजहून आणली. पेटीची वाटणी व्हायची होती. लाल तस्बीह सर्वांत मौल्यवान समजली जात होती, आणि घरातल्या एका मुलाने सुई तापवून खात्री करायची तयारीही केली होती. ती थांबवून आम्ही तिन्ही वस्तू क्रमाने तपासल्या. त्याच तपासणीच्या आधाराने पुढचे सगळे मांडतो.

आधी नावांचा गुंता

कहरुबा हा फारसी शब्द आहे. 'काह' म्हणजे गवताची काडी आणि 'रुबा' म्हणजे ओढून नेणारा. आपल्याकडचा 'तृणमणी' हा शब्दही नेमके तेच सांगतो. लोकरीवर घासला की हा मणी गवताचे तुकडे, कागदाचे कपटे ओढतो. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. त्यावरूनच इलेक्ट्रिसिटी हा शब्द आला, आणि अरबीत तर विजेला आजही 'कहरबा' असेच म्हणतात.

'अंबर' या शब्दाने मात्र घोटाळा होतो. अत्तरवाल्याकडचे अंबर ही वेगळीच वस्तू आहे. ते स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. त्याचा आणि आपल्या मण्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. म्हणून या लेखात मी तृणमणी किंवा कहरुबा हेच शब्द वापरतो.

तृणमणी म्हणजे झाडाची राळ, जी कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहून घट्ट झाली. बाजारात सर्वांत जास्त येतो तो युरोपातल्या बाल्टिक समुद्राकाठचा. तो साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ब्रह्मदेशातल्या हुकॉंग खोऱ्यातला त्याहून जुना, जवळजवळ दहा कोटी वर्षांचा.

कोपल हीसुद्धा झाडाची राळच, पण वयाने लहान. कोलंबिया, मादागास्कर इथली कोपल काही शे ते काही हजार वर्षांची असते. आपल्याकडे तिचे जुने नाव चंद्रूस. वार्निश करणाऱ्या जुन्या कारागिरांना हा शब्द चांगला माहीत असे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून चंद्रूस जहाजाने मुंबईला येत असे. प्रवासी रिचर्ड बर्टन याने तिथल्या या व्यापाराचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्याच्या लिहिण्यानुसार कोवळा, कमी प्रतीचा माल मुंबईकडे जाई आणि तिथे त्याचे हलके वार्निश होई. म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या पेटीत चंद्रुसाचा मणी सापडला तर त्यात नवल नाही, आणि तो कोणी फसवण्यासाठीच ठेवला असेल असेही नाही.

तिसरा प्रकार कृत्रिम. त्यात बेकेलाइट आणि त्याच्या जातीचे इतर फिनॉल-रेझिन, सेल्युलॉइड, अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरीन, पॉलिएस्टर असे बरेच काही येते. तस्बीहच्या बाजारात 'चेरी कहरुबा' किंवा 'फातुरान' नावाने जे लाल मणी फिरतात ते बहुतेक फिनॉल-रेझिनचे असतात.

दोन प्रश्न, वेगवेगळे

लोक विचारतात, "खरा की खोटा?" पण इथे प्रश्न दोन आहेत. पहिला, ही वस्तू राळ आहे की प्लास्टिक? दुसरा, राळ असेल तर ती मुरलेली आहे की कोवळी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः घनता देते. दुसऱ्याचे उत्तर मुख्यतः द्रावक देते, म्हणजे अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट. घनता दुसऱ्या प्रश्नावर मुकी असते, कारण कोपल आणि तृणमणी दोघांची घनता जवळजवळ सारखीच. आणि द्रावक आधी वापरला तर तो पहिल्या प्रश्नावर दिशाभूल करतो, कारण काही प्लास्टिकही अ‍ॅसिटोनने चिकट होतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नुसते पाहणे, मग घनता, मग द्रावकाचा एक थेंब. तापलेली सुई यादीतच नाही.

प्रत्येक चाचणी काही शक्यता बाद करते. 'हा तृणमणीच' असे कुठलीही एकटी चाचणी सांगत नाही.

आणि ज्या गुणावरून नाव पडले तो काडी ओढण्याचा गुण? तो तपासणीला निरुपयोगी आहे. प्लास्टिकचा कंगवासुद्धा कागदाचे कपटे ओढतो. उलट जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अस्सल तृणमणीही काही ओढत नाही. दुकानदाराने रुमालावर घासून कपटा उचलून दाखवला तर हसून दाद द्यावी, निष्कर्ष काढू नये.

पाहणे आणि हुंगणे

दहा पट मोठे दाखवणारे भिंग, जवाहिरे वापरतात तसले, आणि नोटा तपासायचा अतिनील टॉर्च एवढे पुरते.

भिंगातून आधी मण्याचे भोक बघावे. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या मण्यावर बाजूने बारीक शिवण दिसते, भोकाच्या कडा गुळगुळीत आणि सगळ्या मण्यांच्या अगदी एकसारख्या असतात. राळेच्या मण्याचे भोक गिरमिटाने पाडलेले असते. त्याच्या कडेला टवके उडालेले दिसतात आणि प्रत्येक मणी थोडा वेगळा असतो. बेकेलाइटचे मणीही कातून काढत असत, त्यामुळे शिवण नसली म्हणून सुटका नाही.

पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे आहे का ते पाहावे. कोपलमधले उडून जाणारे घटक अजून निघून जात असतात, म्हणून तिचा वरचा थर आक्रसतो आणि काही वर्षांतच जाळे पडते. जुन्या तृणमण्यावरही भेगा येतात, पण त्याला दशके लागतात आणि त्याबरोबर रंगही गडद, तांबूस झालेला असतो.

आत किडा दिसला तर लोक खूश होतात. पण किडा कोपलमध्येही असतो, आणि प्लास्टिकमध्ये मुद्दाम घालतात. मोठा, मधोमध बसलेला, पाय नीट पसरलेला किडा दिसला तर संशय घ्यावा. राळेत अडकलेला जीव धडपडलेला असतो.

मग मणी तळहातावर एक-दोन मिनिटे जोरात चोळून लगेच हुंगावा. बेकेलाइटला कार्बोलिक साबणासारखा, जुन्या दवाखान्यासारखा वास येतो. सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, कारण ते बनवताना कापूर वापरत. कोपल चोळताना किंचित चिकट लागते आणि गोडसर राळेचा वास देते. तृणमणी चिकट होत नाही, वास आलाच तर फार मंद येतो.

अंधारात अतिनील टॉर्च मारल्यावर बाल्टिक तृणमणी निळसर-पांढरा किंवा हिरवट-पिवळा उजळतो. कोपलचा उजाळा बहुधा फिका, पांढुरका असतो. बेकेलाइट बहुतेक मृत दिसते. काही प्लास्टिकही छान चमकतात, म्हणून चमक हा पुरावा नव्हे, फक्त इशारा.

आमच्या पेटीत लाल तस्बीह टॉर्चखाली काळपट राहिली आणि चोळल्यावर कार्बोलिकचा वास आला. मधाळ माळ फिकी उजळली, तिच्या मण्यांवर भेगांचे जाळे होते. मुहनालीचा उजाळा स्वच्छ निळसर होता. इतक्यावरच अंदाज आला होता. तरी मोजल्याशिवाय सोडायचे नाही, ही इंजिनिअरिंगची जुनी सवय.

मिठाच्या पाण्याचे गणित

तृणमण्याची घनता साधारण १.०५ ते १.१० असते, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम जास्त. साध्या पाण्यात तो बुडतो, पुरेशा खाऱ्या पाण्यात तरंगतो. ही चाचणी बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण ती सांगताना "पाण्यात मीठ विरघळेल तेवढे घाला" असे सांगतात, आणि तिथेच ती बिघडते. पूर्ण भरलेल्या मिठाच्या पाण्याची घनता १.२० पर्यंत जाते. अ‍ॅक्रिलिकची घनता १.१८. म्हणजे त्या पाण्यात अ‍ॅक्रिलिकचा मणीही तरंगतो आणि 'अस्सल' ठरतो.

त्यासाठी मीठ मोजून घ्यावे. २५० मिलिलिटर पाण्यात ५५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवले की पाण्याची घनता सुमारे १.१३ होते. चमच्याने नको, किचनच्या काट्यावर तोलून घ्यावे. या पाण्यात तृणमणी आणि कोपल तरंगतात. बेकेलाइट (सुमारे १.२७), सेल्युलॉइड (१.३५ च्या पुढे), अ‍ॅक्रिलिक, काच हे सगळे बुडतात. पॉलिस्टायरीन (१.०५) मात्र इथेही तरंगते. त्याचा बंदोबस्त पुढे येतो.

ओवलेली माळ पाण्यात टाकू नये. रेशमी दोऱ्याचा रंग सुटतो, ओल भोकात राहते आणि दोऱ्याच्या वजनाने निकालही चुकतो. सुटा मणी घ्यावा. टाकल्यावर भोकात हवेचा बुडबुडा अडकतो आणि जड मणीही तरंगल्यासारखा वाटतो, म्हणून तो काडीने ढोसून बुडबुडा काढावा. शेवटी साध्या पाण्याने मणी धुऊन लगेच पुसावा, नाहीतर भोकात मिठाचे खडे धरतात.

मला स्वतःला याहून आवडते ती काट्याची पद्धत. तिच्यात 'तरंगतो की बुडतो' एवढेच न कळता आकडा हातात येतो. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा काही शे रुपयांत मिळतो. आधी मण्याचे नेहमीसारखे वजन करायचे. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. मणी बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचा नाही, दोरा हातात धरून ठेवायचा. आता काटा जो आकडा दाखवतो तो मण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच ग्रॅमच्या जागी घनसेंटिमीटर वाचले की मण्याचे घनफळ. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. हे आर्किमिडीजचेच तत्त्व.

लाल तस्बीहचा दोरा आधीच जीर्ण झालेला होता, म्हणून घरच्यांच्या संमतीने एक मणी सोडवला. वजन २.३१ ग्रॅम. पाण्यात बुडवल्यावर काट्याने १.८२ दाखवले. २.३१ भागिले १.८२ म्हणजे १.२७. कुठलीही राळ इतकी जड नसते. हा आकडा थेट फिनॉल-रेझिनचा. मधाळ माळेचा मणी १.९३ ग्रॅम भरला आणि पाण्यात १.८२ दाखवले. घनता १.०६, म्हणजे राळ असू शकते. मणी साधारण दोन ग्रॅमचा असेल तर या पद्धतीत दुसऱ्या दशांशात एखाद्या आकड्याचा फरक पडतो, त्याने निकाल बदलत नाही. मणी अर्ध्या ग्रॅमहून लहान असेल तर मात्र चूक वाढते. मग एकाच माळेतले चार-पाच मणी एकत्र तोलावेत.

मुहनालीला हे लागू पडले नाही. चांदीचे कडे घट्ट बसवलेले होते आणि चांदीची घनता दहाच्या वर. कडे काढायचा आग्रह धरणे चूक ठरले असते. धातूत बसवलेल्या वस्तूवर घनतेचा नाद सोडून द्यावा.

एक थेंब

आता राळ ठरलेल्या वस्तूची दुसरी पायरी. अ‍ॅसिटोन म्हणजे नखांचे पॉलिश काढायचे द्रव, पण त्यात तेल किंवा सुगंध मिसळलेला नसावा. खिडकी उघडी ठेवावी, जवळ ज्योत नसावी. जागा अशी निवडावी जी दिसत नाही. मण्यात भोकाची कड सर्वांत बरी. कापसाच्या काडीने एक लहान थेंब लावायचा, वीस-तीस सेकंद थांबायचे आणि मग कोरड्या कापसाने हलके दाबायचे. कोपल असेल तर जागा चिकट होते, कापसाचे तंतू तिथे धरतात आणि वाळल्यावर मंद डाग राहतो. बाल्टिक तृणमण्यावर काही होत नाही. हा डाग कायमचा असतो, म्हणूनच ही चाचणी शेवटी आणि एकदाच.

यामागचे कारण असे. राळेतले छोटे रेणू काळाच्या ओघात एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे तयार होते. जाळे पक्के झाले की द्रावकाला त्यातून रेणू सोडवता येत नाहीत. कोपलचे जाळे अजून अपुरे असते.

पॉलिस्टायरीनही अ‍ॅसिटोनने चिकट होते आणि घनतेत राळेसारखेच निघते. इथे स्पिरिट कामाला येते. अ‍ॅसिटोनच्या आधी त्याच जागी साध्या स्पिरिटचा थेंब लावून बघावा. कोपल स्पिरिटनेही चिकटते, पॉलिस्टायरीनवर स्पिरिटचा परिणाम होत नाही.

मधाळ माळेच्या मण्यावर स्पिरिटनेच कापूस धरला. चंद्रूस. मुहनालीच्या आतल्या बाजूला, जिथे ती नळीत शिरते तिथे, स्पिरिट आणि मग अ‍ॅसिटोन लावले. दोन्हींनी काही झाले नाही. रंग वरून तांबूस, टवका उडालेल्या जागी आत पिवळा. म्हणजे वरचा थर हवेने आणि प्रकाशाने गडद झालेला. तिन्हींत घरच्यांनी जिला सर्वांत कमी लेखले होते तीच वस्तू कहरुबाची निघण्याची दाट शक्यता.

या चाचण्या कुठे अडतात

'दाट शक्यता' असे म्हणतो त्याला कारणे आहेत. चंद्रूस सगळा सारखा नसतो. झांझिबारचा जमिनीतून खणून काढलेला जुना चंद्रूस बराच कठीण असतो आणि द्रावकाला उशिरा दाद देतो. शिवाय हल्ली कोपलला दाबाखाली तापवून पक्की करतात. 'हिरवा अँबर' म्हणून जे विकले जाते त्यात अशी प्रक्रिया केलेली कोपलही असते, आणि ती अ‍ॅसिटोनच्या थेंबाला पुरून उरू शकते.

उलटी गोष्ट आपल्या शेजारच्या गुजरातेतली. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वर इथल्या लिग्नाइट कोळशाच्या खाणींत राळेचे गोळे सापडतात. त्यांचे वय पाच कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे बाल्टिक तृणमण्याहूनही जास्त. त्यांतल्या किड्यांवरचा मोठा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ही राळ साल-धूप या झाडांच्या कुळातली आहे आणि तिच्या रेणूंचे तसे जाळे बनत नाही. त्यामुळे ती द्रावकात चक्क विरघळते. संशोधकांनी याचा फायदा घेऊन राळ विरघळवून आतले किडे अख्खे बाहेर काढले आहेत. म्हणजे आपल्या देशातला अस्सल, पाच कोटी वर्षांचा तृणमणी थेंबाच्या चाचणीत 'नापास' होतो. थेंब वय मोजत नाही, जाळे किती पक्के ते मोजतो, हे लक्षात ठेवावे.

पक्का निकाल हवा असेल तर इन्फ्रारेड वर्णपट काढावा लागतो. एफटीआयआर नावाच्या यंत्राला चिमूटभरही नव्हे, कणभर पूड पुरते, काही यंत्रांना तीही लागत नाही. बाल्टिक तृणमण्याच्या आलेखात एक ठरावीक सपाट खांदा दिसतो, तो दुसऱ्या कुठल्या राळेत तसा येत नाही. कोपलही याच आलेखात ओळखू येते. तारनाक्याच्या आयआयसीटीसारख्या रसायनसंस्थांत आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हे यंत्र नित्य वापरात असते. रत्नपरीक्षण प्रयोगशाळाही ते ठेवतात. विकत घेण्या-विकण्यात मोठी रक्कम असेल तर तिकडेच जावे.

आता सुईबद्दल. तापली सुई लावली की तृणमण्याला राळेचा वास येतो, प्लास्टिकला करपट, हे खरे. पण खूण कायमची राहते, आणि जे कळते ते चोळून-हुंगून आधीच कळलेले असते. वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर धोका मोठा. सेल्युलॉइडमध्ये नायट्रोसेल्युलोज असते, ते भसकन पेट घेते. जुमेरात बाजारातल्या लायटरलाही हेच उत्तर.

मग पणजोबांची हजयात्रा?

लिओ बेकलंडने बेकेलाइटचे पेटंट १९०७ मध्ये मागितले, ते १९०९ मध्ये मिळाले, आणि १९१० पासून माल बाजारात येऊ लागला. अर्धपारदर्शक, ओतीव फिनॉल-रेझिनच्या मण्यांचा सुळसुळाट १९२०–३० च्या दशकांतला. तेव्हा हे लाल दाणे १८९० च्या सुमारास हैदराबादेत येणे शक्य नाही.

पण याचा अर्थ घरची हकीकत खोटी, असा घेऊ नये. माळ तुटते, दाणे हरवतात, नवे ओवले जातात. तस्बीह जुनी मानली जाते ती तिच्या आठवणीने, दाण्यांनी नव्हे. यात्रा झाली असेल, मूळ दाणे दुसरे असतील. किंवा घरातल्या पुढच्या पिढीतला कोणी हजला गेला आणि दोन गोष्टी एकत्र झाल्या. आम्ही घरच्यांना जुनी पत्रे आणि कागद बघायला सुचवले, विशेषतः १९१० नंतरच्या यात्रांचे. दाण्यांचे वय ठरल्यामुळे आता कुठल्या काळात शोधायचे ते तरी नक्की झाले. शिवाय त्या काळच्या फिनॉल-रेझिनच्या तस्बीहींना संग्राहकांत स्वतःची मागणी आहे. फक्त ती कहरुबा म्हणून मोजून वाटणीत धरायची नाही, एवढेच.

हैदराबादच्या हवेत जपणूक

कुठली वस्तू कशाची हे कळल्याशिवाय ती जपताही येत नाही, कारण तिघांच्या गरजा वेगळ्या.

तृणमणी आणि चंद्रूस यांचे शत्रू तीन: ऊन, कोरडेपणाचे हेलकावे आणि द्रावक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी होते, पुढच्याच महिन्यात दमट पावसाळा सुरू होतो. या ताणाने वरच्या थरात भेगा पडतात. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात, खिडकीत, किंवा एसीच्या झोतासमोरच्या शोकेसमध्ये ठेवू नये. घराच्या मधल्या खोलीतले लाकडी कपाट, त्यात झाकणाचा डबा, आणि डब्यात प्रत्येक वस्तू वेगळ्या मऊ, धुतलेल्या मलमलच्या पिशवीत, हे पुरेसे आहे. वेगळी पिशवी अशासाठी की तृणमण्याची कठीणता नखाइतकीच असते. सोन्याच्या बांगडीशेजारी ठेवला की ओरखडे येणारच.

डांबरगोळ्या त्या कपाटात नकोत, त्यांची वाफ राळेवर बसते. अत्तर, स्प्रे, सॅनिटायझर यांच्यापासून दूर ठेवावे. अत्तर लावून, ते वाळल्यावर माळ घालावी, आधी नाही. सॅनिटायझर म्हणजे वर सांगितलेला स्पिरिटचा थेंबच, फक्त रोज लावलेला. चंद्रुसाची माळ त्याने चिकट होऊन खराब होते. साफ करायचे तर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने पुसावे आणि लगेच कोरड्या कापडाने. साबण, टूथपेस्ट, सोनाराचे अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ, सगळे वर्ज्य. काही विक्रेते तेल चोळायला सांगतात. त्याने भेगा तेवढ्यापुरत्या झाकल्या जातात, पण तेल पुढे पिवळे पडते, धूळ धरते आणि भेगांतून ते परत निघत नाही.

माळ पुन्हा ओवायची असेल तर पटव्याकडे द्यावी आणि दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारायला सांगावे. दाणे एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी विखरत नाहीत. तार वापरू देऊ नये, ती भोकाच्या कडा खाते.

बेकेलाइट कोरडेपणा सोसते, पण उजेडाने त्याचा रंग बदलतो. पुष्कळसे लाल-तपकिरी दिसणारे दाणे मुळात फिके पिवळे असतात. ते घासून 'मूळ रंग' काढण्याच्या फंदात पडू नये. सेल्युलॉइड मात्र वेगळ्याच कपाटात, हवेशीर आणि थंड जागी ठेवावे. ते कुजताना आम्लयुक्त वाफ सोडते आणि शेजारचा धातू व कापड खराब करते. एखाद्या डब्यातल्या चांदीवर अचानक हिरवट-काळा थर दिसला तर आत सेल्युलॉइड आहे का ते बघावे.

शेवटचे काम कागदाचे. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: फोटो, वजन, घनता, थेंबाचा निकाल, थेंब कुठे लावला ती जागा, तारीख, आणि घरात सांगितली जाणारी हकीकत जशीच्या तशी. हकीकत आणि मोजमाप वेगवेगळ्या ओळींत लिहावे, एकात दुसरे मिसळू नये. जागा लिहून ठेवली म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा थेंब लावावा लागत नाही.